‘नाही’ गाळल्यावर आलेख काय सांगतो: ग्राहकांच्या अभिप्रायांतल्या शब्दमोजणीचं एक प्रकरण

ही घटना घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीतली आहे. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. आकडेही बदललेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच ठेवलं आहे. या कामात माझी भूमिका बाहेरून आलेल्या विश्लेषकाची होती.

## पार्श्वभूमी

कंपनीचं ॲप होतं. टेक्निशियन घरी येऊन गेला की ग्राहकाला एक ते पाच तारे देता यायचे आणि खाली मोकळ्या चौकटीत काहीही लिहिता यायचं. ताऱ्यांची सरासरी दर आठवड्याला वरिष्ठांपर्यंत पोहोचायची. चौकटीतला मजकूर मात्र साठत जायचा. एखादा फारच संतापलेला ग्राहक असला तरच कुणीतरी तो उघडून वाचायचं.

तिमाही बैठकीच्या आधी कामकाज प्रमुखांनी एक साधी मागणी केली. लोक कोणते शब्द सगळ्यात जास्त वापरतात ते मोजा, ‘आहे’, ‘आणि’, ‘पण’ असले भरतीचे शब्द काढून टाका आणि वरचे दहा शब्द पट्ट्यांच्या आलेखात दाखवा. त्या तिमाहीत मजकूर असलेले १,८६० अभिप्राय होते. त्यांतले १,५२० देवनागरीत होते आणि ३४० रोमन लिपीत लिहिलेलं मराठी होतं. वेळ कमी होता, म्हणून रोमन लिपीतले बाजूला ठेवायचं ठरलं.

## अडचण

अंतर्गत चमूतल्या एकाने पहिला आलेख तासाभरात तयार केला. त्यात सगळ्यात वर ‘परत’ होता आणि त्याच्याखाली ‘गल’, ‘यन’, ‘उश’, ‘मश’, ‘खर’ असले तुकडे. ‘परत’ सोडला तर यांतला एकही शब्द मराठी वाटत नव्हता. तरीही प्रत्येकासमोर नीट संख्या होती आणि पट्ट्या उतरत्या क्रमाने लावलेल्या होत्या.

शब्द वेगळे करायला वापरलेल्या नेहमीच्या नमुन्यामुळे हे झालं होतं. पायथनच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेखा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये अक्षरांच्या वर्गात येत नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो:

```python
>>> re.findall(r"\w+", "मशीन खराब, वेळ गेला")
['मश', 'न', 'खर', 'ब', 'व', 'ळ', 'ग', 'ल']
```

मोजणीच्या तयार साधनात आणखी एक नियम होता, तो म्हणजे किमान दोन अक्षरांचा तुकडाच धरायचा. इंग्रजीसाठी हे सोयीचं आहे. इथे मात्र ‘वेळ’, ‘फोन’, ‘बिल’, ‘पैसे’ आणि ‘नाही’ हे शब्द मोजणीतून समूळ नाहीसे झाले, कारण त्यांचे सगळे तुकडे एकेका अक्षराचे होतात. ‘चांगला’, ‘चांगली’ आणि ‘चांगले’ तिन्ही ‘गल’ बनून एकत्र आले. ‘परत’मध्ये एकही मात्रा नसल्यामुळे तो अखंड वाचला आणि पहिल्या क्रमांकावर बसला. योगायोग असा की पुढे खऱ्या मोजणीतही हाच शब्द महत्त्वाचा निघाला. पण पहिल्या आलेखावरून तसं म्हणण्याला काही आधार नव्हता.

तुकडे दिसत असल्यामुळे ही चूक लगेच लक्षात आली. खरा घोळ दुसऱ्या आलेखाने घातला, कारण तो दिसायला अगदी बरोबर होता.

शब्द तोडण्याची पद्धत दुरुस्त झाली आणि भरतीच्या शब्दांची एक तयार मराठी यादी लावली गेली. आता वरचे पाच शब्द ‘सर्व्हिस’, ‘चांगली’, ‘टेक्निशियन’, ‘वेळेवर’ आणि ‘काम’ असे होते. आलेख पाहून दोघांनी समाधानाने माना डोलावल्या. ग्राहक कक्षाच्या पर्यवेक्षक तेवढ्या गप्प बसल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “साहेब, आमच्याकडे दिवसभर फोन येतात ते वेळेवर येत नाहीत म्हणूनच. तुमच्या आलेखात तर वेळेवर येतात म्हणून लोक खूश दिसतायत.”

मग ‘वेळेवर’ असलेले सगळे अभिप्राय काढून वाचले. ते १४० होते. त्यांपैकी ८६ मध्ये ‘वेळेवर आले नाहीत’, ‘वेळेवर कधीच येत नाही’ असा नकार होता. तयार यादीत ‘नाही’, ‘नाहीत’, ‘नव्हता’, ‘नका’ हे सगळे शब्द भरतीचे म्हणून गाळलेले होते. मजकूर कशाबद्दल आहे एवढंच शोधायचं असेल तर अशी यादी चालते. समाधान की तक्रार हे जिथे कळायला हवं, तिथे ती अर्धं वाक्य कापून टाकते.

## कोणते पर्याय विचारात घेतले

‘नाही’ यादीतून काढून तिची स्वतंत्र पट्टी दाखवावी, ही पहिली सूचना होती. करून पाहिलं तर ती पट्टी सगळ्यात लांब आली, पण काय नाही ते तिच्यातून कळेना.

दुसरी सूचना शब्दांच्या जोड्या मोजण्याची होती. इंग्रजीत नकार बहुधा ज्या शब्दाला लागतो त्याच्या आधी, अगदी लगत येतो, म्हणून दोन-दोन शब्दांच्या जोड्या तिथे बऱ्यापैकी चालतात. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी, क्रियापदापाशी येतो. ‘वेळेवर आला नाही’ यातली शेवटची जोडी ‘आला नाही’ अशी पडते. ती दर तिसऱ्या तक्रारीत सापडते आणि काहीच सांगत नाही. मुद्द्याचा शब्द दोन-तीन घरं मागे राहतो.

तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक मुद्द्याच्या शब्दापुढच्या तीन शब्दांत नकार आहे का ते पाहायचं आणि वाटेत ‘पण’, ‘आणि’ किंवा विरामचिन्ह आलं की थांबायचं. ‘वेळेवर आला नाही पण काम नीट केलं’ या वाक्यात असं केल्याने ‘वेळेवर’ला नकाराची खूण लागते आणि ‘नीट’ सुटतो. हे बरंच चाललं, पण ‘काही त्रास झाला नाही’ ही तक्रार नसते आणि ‘वेळेवर यायला काय होतं?’ यात नकाराचा शब्दच नसतो. अशी वाक्यं हाताशी असलेल्या नियमात बसवत गेलं की नियम वाढत जातात आणि महिन्याभराने ते कुणालाच समजत नाहीत.

चौथा मार्ग सगळ्यात साधा होता. ग्राहकाने स्वतःच तारे दिले होते. एक-दोन तारे देणाऱ्यांचे ४३० अभिप्राय एका गटात, चार-पाच तारे देणाऱ्यांचे ९१० दुसऱ्या गटात, आणि तीन ताऱ्यांचे १८० बाजूला. दोन गटांचे दोन आलेख. ‘वेळेवर’ हा शब्द कमी ताऱ्यांच्या गटात आला तर तो तिथे का आला, हे सांगायला व्याकरणाची गरज उरत नाही.

आम्ही चौथा मार्ग घेतला. तिसऱ्या मार्गातली तीन शब्दांची तपासणी फक्त पडताळणीसाठी ठेवली. जास्त तारे देऊनही मजकुरात तक्रार करणारे लोक असतात, आणि ते त्या तपासणीत सापडतात.

## काय केलं

आधी शब्द नीट वेगळे केले. `\w` सोडून देवनागरीचा पट्टाच दिला आणि त्यातून दंड व अंक वगळले:

```python
import re, unicodedata

def shabda(t):
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    return re.findall(r"[\u0900-\u0963\u0971-\u097f]+", t)
```

फलनातली पहिली ओळ ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतल्या अर्ध्या र साठी आहे. काही कीबोर्ड तो ‘ऱ’ आणि हलन्ताने लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मोजणीत मात्र दोन वेगळे शब्द होतात. एकच शब्द यादीत दोनदा, हुबेहूब, वेगवेगळ्या संख्येसह दिसला तर असंच काहीतरी झालेलं असतं.

मग भरतीच्या शब्दांची यादी. सर्वाधिक वेळ इथे गेला आणि तो योग्य जागी गेला असं मला वाटतं. तयार यादी बाजूला ठेवून याच अभिप्रायांतले सर्वाधिक येणारे दीडशे शब्द छापले. प्रत्येकासमोर कमी ताऱ्यांच्या गटातलं आणि जास्त ताऱ्यांच्या गटातलं प्रमाण लिहिलं. तीन जणांनी, ग्राहक कक्षाच्या पर्यवेक्षकांसह, वेगवेगळं बसून शब्द खोडले. तिघांनीही खोडलेला शब्दच गाळायचा आणि एकाचाही आक्षेप असेल तर तो ठेवायचा, असं ठरवलं होतं.

‘आहे’, ‘होते’, ‘मी’, ‘तुम्ही’, ‘हा’, ‘आणि’, ‘करून’ यांवर वाद झाला नाही. ‘सर्व्हिस’, ‘कंपनी’ आणि ‘मशीन’ हे कुठल्याही तयार यादीत नसतात, पण इथे दोन्ही गटांत ते जवळपास सारख्याच प्रमाणात होते. दुरुस्तीच्या कंपनीबद्दल लिहिताना ‘सर्व्हिस’ हा शब्द येणारच. म्हणून तेही गेले.

वाद झाला तो ‘परत’, ‘पुन्हा’, ‘अजून’ आणि ‘फक्त’ यांच्यावर. व्याकरणाच्या दृष्टीने हे किरकोळ शब्द आहेत आणि तयार यादीत यांतले दोन होतेही. पर्यवेक्षकांनी ते खोडायला साफ नकार दिला. ‘अजून’ म्हणजे काम अडकलंय. ‘फक्त’ म्हणजे ‘फक्त बघून गेले’. ‘परत’ म्हणजे तोच बिघाड पुन्हा आला. दोन्ही गटांतली प्रमाणं पाहिली तर त्यांचं म्हणणं बरोबर ठरत होतं, कारण ‘अजून’ हा शब्द जास्त तारे देणाऱ्यांनी जवळपास वापरलाच नव्हता. शब्द किती छोटा किंवा सर्वसाधारण आहे यापेक्षा तो दोन गटांत किती विषम वाटला गेलाय हे पाहणं जास्त उपयोगी पडलं.

त्यानंतर एकाच शब्दाची रूपं एकत्र करायची होती. ‘फोन’, ‘फोनवर’, ‘फोनला’, ‘फोनचं’ वेगळे मोजले तर चारही पट्ट्या बुटक्या राहतात आणि एकही वर येत नाही. प्रत्यय आपोआप छाटण्याचा एक छोटा नियम लावून पाहिला. ‘ला’ छाटल्यावर ‘फोनला’चं ‘फोन’ झालं, पण ‘चांगला’चं ‘चांग’ झालं. ‘त’ छाटल्यावर ‘वेळेत’ सुधारलं आणि ‘मदत’, ‘परत’ मोडले. त्यामुळे वरच्या शब्दांपुरती हाताने तक्ता करून गटवारी केली. तिथेही जपावं लागलं. ‘वेळेवर’ आणि ‘उशीर’ एका गटात घातले, पण ‘वेळा’ बाहेर ठेवला, कारण ‘चार वेळा फोन केला’ यातला ‘वेळा’ घड्याळाशी संबंधित नाही. आपोआप छाटणाऱ्या नियमाने तो बहुधा ‘वेळ’मध्येच ढकलला असता.

शेवटचा निर्णय काय मोजायचं याचा होता. एका ग्राहकाने एकच तक्रार चौकट भरेपर्यंत पुन्हा पुन्हा चिकटवली होती आणि त्यात ‘फोन’ डझनावारी वेळा होता. म्हणून शब्द एकूण किती वेळा आला हे सोडून तो किती अभिप्रायांत आला हे मोजलं. एका अभिप्रायात दहा वेळा आला तरी एकच. कोडमध्ये हा फरक फक्त `set()` लावण्याइतका आहे.

## आलेख

कुणीतरी शब्दांचा ढग सुचवला होता, म्हणजे जास्त येणारा शब्द मोठ्या अक्षरात. तो नाकारला. त्यात ‘टेक्निशियन’ हा शब्द लांबीमुळेच ‘बिल’पेक्षा मोठा भासतो, आणि एक शब्द दुसऱ्याच्या दुप्पट आहे की दीडपट हे डोळ्याला ठरवता येत नाही. आडव्या पट्ट्या घेतल्या, शून्यापासून सुरू होणाऱ्या, उतरत्या क्रमाने. आडव्या अशासाठी की मराठी शब्द तिरपे न करता वाचता यावेत.

आकडे टक्क्यांत दिले, आणि टक्के त्या-त्या गटातल्या अभिप्रायांचे. एका गटात ४३० आणि दुसऱ्यात ९१० असताना नुसत्या संख्या शेजारी ठेवल्या असत्या, तर समाधानी लोकांचा प्रत्येक शब्द मोठा दिसला असता.

एक किरकोळ अडथळा आला. `matplotlib` ने आधी देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिले. देवनागरी फाँट दिल्यावर अक्षरं आली, पण आमच्याकडच्या आवृत्तीत वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत होती आणि जोडाक्षरं सुटी राहत होती. त्याच्याशी झगडण्यापेक्षा मोजणीचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये नेला आणि आलेख तिथेच काढला. कमी ताऱ्यांच्या गटाचा आलेख असा होता:

```
एक-दोन तारे, ४३० अभिप्राय; शब्द असलेले अभिप्राय, टक्के

██████████████████████████████████ ३४  परत / पुन्हा
█████████████████████████████ २९  फोन
███████████████████████████ २७  वेळेवर / उशीर
██████████████████ १८  अजून
████████████████ १६  पार्ट
█████████████ १३  बिल / पैसे
█████████ ९  फक्त
```

या टक्क्यांची बेरीज शंभर होत नाही, कारण एका अभिप्रायात दोन-तीन शब्द असू शकतात. बैठकीत हा प्रश्न येणारच होता आणि आलाच. आलेखाखाली एक ओळ लिहून ठेवली असती तर पाच मिनिटं वाचली असती.

जास्त ताऱ्यांच्या आलेखात ‘व्यवस्थित’, ‘लवकर’, ‘नीट’ हे अपेक्षित शब्द होते. अनपेक्षित होता ‘समजावून’. बऱ्याच जणांनी तो वापरला होता. टेक्निशियनने काय बिघडलंय ते समजावून सांगितलं, याला लोक आवर्जून शाबासकी देत होते.

## काय निष्पन्न झालं

‘परत / पुन्हा’ ही पट्टी सगळ्यात लांब होती, म्हणून त्यामागचे १४६ अभिप्राय पर्यवेक्षकांनी आणि मी पूर्ण वाचले. ९२ मध्ये तोच बिघाड पुन्हा झाल्याची तक्रार होती. ३१ मध्ये ‘परत फोन करतो म्हणाले, केला नाही’ असा मजकूर होता. उरलेल्या २३ मध्ये पैसे किंवा जुना पार्ट परत मिळण्याचा विषय होता. एका पट्टीत तीन वेगळ्या विभागांच्या तक्रारी होत्या. मोजणीने कुठे वाचायचं ते दाखवलं आणि काय चाललंय ते वाचल्यावरच कळलं.

त्या ९२ तक्रारींतून एक गोष्ट पुढे आली. टेक्निशियन काम ‘पूर्ण’ म्हणून बंद करायचा. आठवड्याभराने तोच बिघाड आला की ग्राहक नवी नोंदणी करायचा, आणि ॲप ती नवं काम म्हणून मोजायचं. त्यामुळे दोन्ही कामं कागदावर यशस्वी ठरायची. कामकाज प्रमुखांनी नोंदणीत ‘तीस दिवसांत तोच बिघाड’ अशी खूण घातली, जी आपोआप जुन्या कामाशी जोडली जाते. पुन्हा येणाऱ्या बिघाडांची खरी संख्या पहिल्यांदाच मिळू लागली, आणि मग त्या प्रश्नासाठी शब्दमोजणीची गरजच राहिली नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

रोमन लिपीतले ३४० अभिप्राय सोडून देणं घाईचं होतं. ‘nahi’, ‘nhi’, ‘nahee’ अशी रूपं हाताने एकत्र करायला एखादा दिवस लागला असता, आणि गट तर ताऱ्यांवरूनच पाडायचे होते. नंतर त्यांतले काही वाचले तेव्हा बिलाबद्दलचा सूर बराच तीव्र वाटला. आलेखात ‘बिल / पैसे’ १३ टक्क्यांवर होतं ते कदाचित वर सरकलं असतं.

मजकुराच्या चौकटीकडे तर कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. तिच्यात फिक्या अक्षरांत सूचना लिहिलेली होती: ‘टेक्निशियन वेळेवर आले का? काम कसं झालं?’ दुसऱ्या आलेखातल्या वरच्या पाचांपैकी ‘टेक्निशियन’, ‘वेळेवर’ आणि ‘काम’ हे तीन शब्द जसेच्या तसे या सूचनेत आहेत. लोक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होते, तेही प्रश्नातलेच शब्द वापरून. भरतीच्या शब्दांची यादी करताना ही सूचना समोर असती, तर ‘वेळेवर’ची पट्टी आम्ही वेगळ्या नजरेने पाहिली असती.

पुढच्या तिमाहीत सूचना बदलून नुसतं ‘काय झालं ते लिहा’ असं केलं. कमी ताऱ्यांच्या गटात ‘वेळेवर / उशीर’ २७ वरून १५ टक्क्यांवर आलं, आणि बैठकीत एकाने हे सुधारणेचं लक्षण मानलं. टेक्निशियन घरी पोहोचल्याच्या वेळा ॲपमध्ये नोंदलेल्या असतात. त्या काढून पाहिल्या, तर उशिराचं प्रमाण दोन्ही तिमाहींत जवळपास सारखंच होतं. त्यानंतर या दोन तिमाहींचे आलेख शेजारी ठेवणं आम्ही बंद केलं आणि प्रत्येक आलेखाच्या शीर्षकाखाली त्या काळात चौकटीत कोणती सूचना होती ते छापायला लागलो.